ऑनलाइन विक्रीची पट्टी: प्रस्तावना

केंदूरच्या शेतकऱ्याला कांद्याची पट्टी वाचायला कोणी शिकवावी लागत नाही. चाकणला किंवा पुण्याच्या गुलटेकडीला माल गेला की पट्टी येते आणि ती हातात पडताच नजर आधी तळाला जाते, मग वर येते. तळाला हातात येणारी रक्कम, वर गोण्या, वजन आणि भाव, मधे हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे. कोणती ओळ नेहमीची आणि कोणती आज नव्यानेच घुसली, हे पारावर बसलेल्या कोणालाही लगेच कळते. जुलै २०१६ पर्यंत फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडतसुद्धा शेतकऱ्याच्याच पट्टीतून जायची. राज्य सरकारने नियम बदलून ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा एक ओळ कमी झाल्याचेही सगळ्यांच्या लगेच ध्यानात आले. उलटी पट्टी म्हणजे काय, हेही सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. त्या पट्टीची छायाचित्रे महाराष्ट्रभर फिरली आणि ज्यांनी पाहिली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता आली.

आता याच गावातून गोधड्या, मसाले आणि कुरडया मोबाईलवरून विकल्या जाऊ लागल्या आहेत. फ्लिपकार्टने २०१९ मध्ये ‘समर्थ’ हा उपक्रम कारागीर आणि बचत गटांसाठीच काढला. ॲमेझॉनचा ‘सहेली’ त्याच्याही आधीचा. माल गेला की इथेही पट्टी येते, पण ती वाचताना घरातला जाणता माणूससुद्धा तळाच्या आकड्यावर थांबतो. ‘बाराशे साठला विकली आणि नऊशेसुद्धा आले नाहीत, कंपनीने खाल्ले,’ असे म्हणून मोबाईल खाली ठेवला जातो. यात थोडे खरे आहे आणि बरेचसे चुकीचे. किती खरे आणि किती चुकीचे, ते कागद-पेन्सिल घेऊन ओळीओळीने काढायचे, एवढेच या पुस्तिकेचे काम आहे. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली शिकवण्याची रीत हाताने करून पाहण्याची. पुढच्या पानांवर स्टेटमेंटची चित्रे आहेत, पण उत्तरे छापलेली नाहीत, ती त्याच रीतीला धरून.

चित्रे म्हणतो ते मुद्दाम. ही पट्टी क्वचितच कागदावर येते. विक्रीचे खाते पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर असते. तो स्क्रीनशॉट काढतो, व्हॉट्सॲपवर टाकतो आणि गटाच्या बायका तो लहान पडद्यावर चिमटीने मोठा करून पाहतात. म्हणून हिशोब वाचण्याआधी चित्र वाचावे लागते. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो. आधी पट्टीच घेऊ.

एक गोधडी घ्या. सुती, दोन थरांची, हाताने टाके घातलेली. विक्रीची किंमत १,२६० रुपये आणि गिऱ्हाईक बेंगळुरूचे. सुती गोधडी-रजईवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ही मर्यादा १,००० रुपयांची होती. म्हणजे १,२६० मध्ये मालाची किंमत १,२०० आणि कर ६०. कमिशन मी १० टक्के धरले आहे, ठरावीक शुल्क ३० रुपये आणि पाठवणी १४४ रुपये. हे तीन आकडे कंपनीगणिक आणि मालागणिक बदलतात, म्हणून ते हिशोबाला सोपे जातील असे निवडले. कराचे दर मात्र कायद्यातले आहेत. पडद्यावर ही विक्री साधारण अशी दिसते:

```
Sale amount      1260.00
Commission       -126.00
Fixed fee         -30.00
Shipping fee     -144.00
GST on fees       -54.00
TCS - IGST         -6.00
TDS                -1.20
Net payout        898.80
```

शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. ॲमेझॉनवर कमिशनला `Referral Fee` म्हणतात आणि पाठवणीला `Weight Handling Fee`. फ्लिपकार्टच्या तक्त्यात तळाच्या रकमेचे नाव `Bank Settlement Value` असते. नावे बदलली तरी घराणी हीच राहतात: विक्री, कंपनीची शुल्के, त्या शुल्कांवरचा जीएसटी, आणि सरकारसाठी कंपनीने बाजूला काढलेला कर.

आता वजाबाकीच्या सहा ओळी पाहा. सगळ्यांपुढे सारखेच वजाचे चिन्ह आहे, म्हणून सगळे पैसे सारखेच गेले असे वाटते. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. १२६, ३० आणि १४४ मिळून ३०० रुपये खरोखर गेले. तो धंद्याचा खर्च आहे आणि परत यायचा नाही. शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ रुपये, तुम्ही कंपनीला दिलेला कर आहे. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल, खात्यावर तुमचाच जीएसटी क्रमांक असेल आणि कंपनीचे बिल तुमच्या `GSTR-2B` मध्ये उमटले असेल, तर हे ५४ रुपये तुमच्या करातून वजा होतात. टीसीएसचे ६ रुपये तुमचेच आहेत, फक्त सरकारकडे जमा झाले आहेत. टीडीएसचा १ रुपया २० पैसे हा तुमच्या आयकराचा आगाऊ हप्ता.

वजाच्या बाजूला जशी परत येणारी रक्कम लपलेली असते, तशी अधिकच्या बाजूला परकी रक्कम लपलेली असते. वरच्या १,२६० मधले ६० रुपये गिऱ्हाइकाने सरकारसाठी दिलेले आहेत, ते आपल्या हातून जातात एवढेच. बँकेत आलेल्या ८९८.८० मध्ये तेही मिसळलेले आहेत. महिना संपल्यावर ते भरायचे आहेत हे ज्या गटाला माहीत नसते, तो गट सगळी रक्कम वाटून टाकतो आणि पुढच्या महिन्यात कर भरायला वर्गणी काढतो. कंपनीने खाल्ले म्हणणाऱ्यांपेक्षा मला या गटांची काळजी जास्त वाटते. कारण त्यांना पहिले सहा महिने सगळे उत्तम चालले आहे असेच वाटत असते.

आमच्या उदाहरणात शेवट काय होतो ते करून पाहा. सरकारला देणे ६०. त्यातून शुल्कांवर भरलेले ५४ वजा, टीसीएसचे ६ वजा. देणे शून्य. मग हातात खरे किती आले? बँकेचे ८९८.८० आणि आयकराच्या खात्यातले १.२० मिळून ९००. दुसऱ्या बाजूने मोजा: मालाची किंमत १,२०० वजा शुल्के ३०० बरोबर ९००. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात तेव्हा पट्टी बरोबर वाचली असे समजावे. देणे नेमके शून्य आले ते आकड्यांच्या निवडीमुळे. शुल्के २०० रुपयांवर आली असती, तर त्यांवरचा जीएसटी ३६ झाला असता आणि ६० मधून ३६ व ६ जाऊन १८ रुपये भरावे लागले असते. फायदा वाढला तरी भरणा वाढला, आणि त्यात गैर काही नाही.

या ६ रुपयांच्या ओळीवर जरा थांबतो, कारण ती लहान आणि सगळ्यांत कमी समजलेली आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. कायद्याच्या कलम ५२ मध्ये तेव्हापासूनच लिहिले होते, की ऑनलाइन बाजार चालवणाऱ्याने विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर थोडा कर जागेवरच गोळा करावा. प्रत्यक्षात हे १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाले. दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. अर्ध्या टक्क्याने तिजोरी भरत नाही. या कराचा खरा उपयोग माग ठेवण्याचा. केंदूरच्या एका घरातून वर्षभरात किती माल गेला, हे विक्रेत्याने सांगण्याआधी सरकारला कंपनीकडून कळते. गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असेल तर हीच रक्कम केंद्र आणि राज्य अशा दोन समान ओळींत दिसते, ३ आणि ३. बाहेरच्या राज्यातले असेल तर ६ ची एकच ओळ. म्हणजे पार्सल कुठे गेले ते या ओळीवरूनही ओळखता येते.

कर मोजतात तो जीएसटी वगळलेल्या किमतीवर, आणि त्या महिन्यात परत आलेला माल वजा करून. कंपनी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत `GSTR-8` हे विवरण भरते, मग ती रक्कम विक्रेत्याच्या जीएसटी खात्यात दिसू लागते. दिसते, पण आपोआप जमा होत नाही. पोर्टलवर `TDS and TCS credit received` या पानावर जाऊन ती मान्य करून विवरण दाखल करावे लागते, तेव्हा कुठे ती रोख खातेवहीत येते आणि कर भरायला वापरता येते. हे पान न उघडल्यामुळे वर्षानुवर्षे पैसे तसेच पडून राहिलेले मी पाहिले आहेत. रक्कम ओळीगणिक लहान असते, वर्षाची एकत्र केली की शिलाई मशीनच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते.

टीडीएसची ओळ वेगळ्या कायद्याची. आयकर कायदा, १९६१ मध्ये कलम १९४-ओ आले, ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. दर आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. एकट्या व्यक्तीच्या किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे खाते असेल, वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेले असेल, तर ही कपात होतच नाही. गावात इथे एक गफलत होते. ‘आमची विक्री दोन लाखांची, मग टीडीएस का कापला?’ असे गट विचारतो. बचत गट म्हणजे कायद्याच्या भाषेत एकटी व्यक्ती नव्हे, त्यामुळे ५ लाखांची सवलत त्याला लागू नाही. पॅन दिलेलेच नसेल, तर ०.१ ऐवजी ५ टक्के जातात. आपल्या गोधडीवर ते १.२० ऐवजी ६० रुपये होतील. पट्टीत टीडीएसची ओळ टीसीएसपेक्षा मोठी दिसली, की पहिला संशय पॅनवर घ्यावा.

याच ओळीमुळे आणखी एक गोष्ट घडते. आयकराच्या `Form 26AS` मध्ये कपातीबरोबर ती ज्या विक्रीवर झाली ती रक्कमही दिसते, म्हणजे एका गोधडीमागे १,२००. विवरणपत्र भरणारा मात्र बँकेचे पासबुक पाहून ८९८.८० हीच विक्री धरतो. वर्षाला दोनशे गोधड्या गेल्या तर दोन आकड्यांत साठ हजारांहून जास्त अंतर पडते आणि नोटीस येते. शुल्के खर्चात दाखवून फायदा तोच निघतो, पण विक्री म्हणून १,२०० च दाखवावी लागते.

ज्यांची जीएसटी नोंदणीच नाही, त्यांची पट्टी निराळी. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही ऑनलाइन माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. अशा विक्रेत्याकडून कंपनीने टीसीएस घ्यायचा नसतो. ती ओळ दिसली, तर खाते चुकीच्या प्रकारात उघडले गेले आहे. कॉम्पोझिशनवाल्यांना त्याच तारखेपासून राज्यातल्या राज्यात विक्रीची मुभा मिळाली, त्यांच्याकडून मात्र टीसीएस घेतला जातो. या दोघांनाही शुल्कांवरचे ५४ रुपये परत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी खर्च ३०० चा नाही, ३५४ चा. किंमत ठरवतानाच हे धरले नाही, तर पट्टी वाचून उपयोग नाही.

पाठवणीच्या १४४ रुपयांबद्दल मला जास्त बोलायचे आहे, कारण वरच्या सगळ्या ओळींत एवढी एकच थोडीफार आपल्या हातात असते. गोधडीचे वजन काट्यावर १ किलो ८०० ग्रॅम भरते. पण कंपनी दोन वजने धरते, काट्यावरचे आणि आकारमानाचे, आणि आकारणी जास्त असेल त्यावर करते. आकारमानाचे वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि सहसा ५,००० ने भागतात. गोधडी नुसती घडी घालून ४० बाय ३५ बाय १५ च्या खोक्यात ठेवली, तर २१,००० भागिले ५,००० म्हणजे ४.२ किलो. पावणेदोन किलोच्या मालाचे भाडे सव्वाचार किलोच्या टप्प्याचे लागले. तीच गोधडी घट्ट गुंडाळून, सुतळीने आवळून, ३५ बाय ३० बाय १० च्या पिशवीत बसवली तर २.१ किलो. ही बचत कुठल्याही कमिशन-सवलतीपेक्षा मोठी ठरू शकते. मीशोने २०२१ मध्ये कमिशन शून्य केले तेव्हा लोक खुश झाले, आणि मग पाठवणी व परतीच्या ओळी वाचू लागले. कमिशन शून्य म्हणजे कपात शून्य नव्हे. अंतराचेही टप्पे असतात: जवळचे, विभागातले, देशातले. पण गिऱ्हाईक कुठले मिळावे हे विक्रेत्याच्या हातात नसते, सुतळी असते.

वजनाच्या ओळीत नंतरही बदल होतो. तुम्ही २.१ किलो लिहिलेले असते, गोदामात मशीन मोजते, आणि आठवड्याने पट्टीत एक लहानशी वजा ओळ येते. तिच्यात जुना ऑर्डर क्रमांक आणि भाड्यातला फरक असतो. पिशवी वाहतुकीत फुगली असेल तर मशीनचा आकडा खरा असतो. तरीही पाठवताना मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो जवळ असला तर तक्रार करता येते. तक्रारीला मुदत असते आणि ती थोड्या दिवसांची असते.

आता उलटी पट्टी. समजा बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाने रंग आवडला नाही म्हणून गोधडी परत केली. विक्री गेल्या आठवड्याच्या स्टेटमेंटमध्ये होती, परत मात्र या आठवड्याच्या. चित्रात पाहणाऱ्याला एवढेच दिसते, की या आठवड्यात न झालेल्या विक्रीचे १,२६० रुपये कापले. ओळी अशा असतात: परतावा वजा १,२६०, कमिशन परत १२६, त्यावरचा जीएसटी परत २२.६८, महिना तोच असल्यामुळे टीसीएस परत ६, आणि परतीची पाठवणी जीएसटीसह वजा १६९.९२. बेरीज वजा १,२७५.२४. जातानाचे भाडे आणि ३० रुपयांचे ठरावीक शुल्क या उदाहरणात परत येत नाही. दोन्ही आठवडे एकत्र केले तर कर सोडून ३१८ रुपये गेले. कापड, दोरा आणि हातांची मजुरी धरून गोधडीला ६०० खर्च येत असेल तर एका विक्रीवर फायदा ३०० चा. म्हणजे परत आलेली एक गोधडी विकल्या गेलेल्या एका गोधडीचा सगळा फायदा खाऊन वर १८ रुपये मागते. गोधडी मळून आली, तर ६०० चाही प्रश्न उरतो.

म्हणून पट्टीतली परतीची ओळ एकटी वाचायची नाही. ऑर्डर क्रमांक उचलायचा, मागच्या चित्रांत शोधायचा आणि दोन्ही ओळी एकाखाली एक लिहायच्या. परत दोन प्रकारची असते. गिऱ्हाइकाने घेऊन मग परत केलेली, आणि दारातच न घेतलेली, जिला सगळे आरटीओ म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरीत दुसरी फार. कित्येक ठिकाणी दोन्हींची आकारणी वेगळी असते, आणि आरटीओ असताना पट्टीत गिऱ्हाइकाची परत लागली असेल तर ते तक्रारीचे कारण आहे.

एका आठवड्यात परतच जास्त आली तर तळाची रक्कम वजा येते. कंपनी पैसे मागायला येत नाही, पुढच्या पट्टीत पहिल्या ओळीत ती रक्कम वजा करून घेते. त्या ओळीला कधी मागची शिल्लक म्हणतात, कधी नुसती उणे खूण असते. उलटी पट्टी पाहिलेल्या गावाला हे समजायला वेळ लागू नये.

राहिले चित्र. स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत आधी वरची कड पाहा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा हिशोब, ही ओळ बहुतेक चित्रांत कापलेली असते. टीसीएस कॅलेंडर महिन्यावर मोजतात, पैसे मात्र आठवड्याच्या किंवा कंपनीच्या आपल्या चक्राने येतात. त्यामुळे महिन्यातल्या चार चित्रांतल्या टीसीएसची बेरीज पोर्टलवरच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. तारखाच नसतील तर का जुळत नाही तेही कळत नाही. मग उजवी कड पाहा. मोबाईलवर रुंद तक्ता बसत नाही, शेवटचे दोन-तीन रकाने बाहेर राहतात आणि कर बहुधा तिथेच असतो. काही ओळींच्या डाव्या बाजूला लहान बाण असतो. तो दाबल्याशिवाय आतल्या ओळी उघडत नाहीत, आणि न उघडता काढलेल्या चित्रात ‘इतर शुल्के’ एवढाच एक ठोकळा राहतो.

वजाचे चिन्ह कधी बारीक आडवी रेघ असते, कधी आकडा कंसात असतो, कधी नुसता लाल रंग असतो. शिक्रापूरला जाऊन काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढले की लाल रंग गेला, आणि कपातीची रक्कम जमेची झाली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते. त्यात ८ आणि ३ एकमेकांत मिसळतात, दशांशाचा ठिपका विरून जातो आणि १४४.०० चे १४४०० दिसू लागते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर हे होत नाही.

चित्र पूर्ण आहे की नाही हे ओळखायची खरी कसोटी बेरीज आहे. दिसणाऱ्या ओळींची बेरीज तळाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली, तर आधी चित्रावर संशय घ्यावा, कंपनीवर नंतर. फरकाचा आकडाही बोलतो. समजा बेरीज ८९८.८० येते आणि तळाला ८३९.८० आहे. फरक ५९. त्याला १.१८ ने भागा, नेमके ५० निघतात. म्हणजे न दिसलेली ओळ १८ टक्के जीएसटीसकट लावलेल्या शुल्काची असण्याचा संभव मोठा. जाहिरात लावली होती का, कोणी पुतण्याने एखादी सेवा चालू केली का, हे विचारावे. फरक १.१८ ने नीट भागला जात नसेल आणि गोल आकडा असेल, २०० किंवा ५००, तर राखून ठेवलेली रक्कम किंवा मागची शिल्लक शोधावी. नव्या विक्रेत्याचे काही पैसे परतीच्या भीतीने कंपनी मागे ठेवते. ते गेलेले नसतात, पुढच्या चक्रात येतात.

दुसरी कसोटी टीसीएसची. विक्रीचा आकडा पुसट असला आणि टीसीएसचा नीट दिसत असला, तर टीसीएसला २०० ने गुणा. ६ गुणिले २०० बरोबर १,२००, म्हणजे जीएसटी वगळलेली विक्री. १० जुलै २०२४ पूर्वीच्या पट्टीत १०० ने गुणावे लागते, आणि त्या जुलै महिन्याच्या चित्रात दोन्ही दर सापडतात. या कसोटीला मर्यादा आहे. पैशांत गोल केलेल्या आकड्याला २०० ने गुणले की अर्ध्या पैशाचा रुपया होतो. २९९ रुपयांच्या मसाल्याच्या पाकिटावर करपात्र किंमत २८४.७६, टीसीएस १.४२, आणि उलट गुणल्यावर २८४. रुपयाच्या आतला हा फरक सोडून द्यावा. टीडीएसवरून हीच कसरत करू नये. तिथे १,००० ने गुणावे लागते आणि एका पैशाचे दहा रुपये होतात. गुणाकार विक्रीपेक्षा बराच कमी आला, तर त्या महिन्यात परत आलेला माल आधीच वजा झालेला असतो. बराच जास्त आला, तर चित्रात सगळ्या ऑर्डरी नाहीत.

या दोन कसोट्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत होतात आणि दहा पट्ट्यांपैकी आठांचे भांडण तिथेच मिटते, असा माझा अनुभव. उरलेल्या दोनांत मात्र खरेच काहीतरी चुकलेले असते: वजनाचा टप्पा, आरटीओच्या जागी लागलेली परत, किंवा दुसऱ्याच कुणाच्या जीएसटी क्रमांकावर निघालेले कमिशनचे बिल. शेवटचे सर्वांत महाग पडते, कारण ५४ रुपयांची ओळ महिनोन्‌महिने कोणाच्याच खात्यात जमा होत नाही.

पुस्तिकेतले चित्र वाचून झाले, की आपल्या खात्यातून त्याच काळाची मूळ फाईल उतरवून घ्यावी. एक्सेल असो वा पीडीएफ, सोबत कमिशनचे कर-बिलही. चित्र समजण्यापुरते चालते, अधिकाऱ्यापुढे चालत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि तेवढ्या काळात पुतण्याचा लॅपटॉप दोनदा बदललेला असतो.